पॅकर्स अँड मूव्हर्सचा रिव्ह्यू कसा लिहावा: कोटेशनपासून शेवटच्या बिलापर्यंत

शेवटचा खोका घरात ठेवून होतो न होतो, तोच सुपरवायझर मोबाइल पुढे करतो. "मॅडम, पाच स्टार देऊन टाका ना, आमचं रेटिंग बघतात वर." आपण थकलेलो असतो, माणसं दिवसभर जिने चढून घामाघूम झालेली असतात, नाही म्हणवत नाही. आपण पाच स्टार देतो, "गुड सर्व्हिस" लिहितो आणि दार लावतो.

त्या क्षणी एकही खोका उघडलेला नसतो. आतल्या काचा शाबूत आहेत का, वॉशिंग मशीन चालतंय का, हे कुणालाच माहीत नसतं. बऱ्याचदा पक्कं बिलही हातात आलेलं नसतं. पुढच्या माणसाने असा रिव्ह्यू वाचून आपलं अख्खं घर कुणाच्या तरी टेम्पोत चढवायचं, हे मला बरोबर वाटत नाही. त्यामुळे पहिला नियम हाच: दारात उभं राहून रिव्ह्यू द्यायचा नाही. "सगळं उघडून बघते, आठवड्याने नक्की लिहिते," असं सांगायचं आणि खरोखर लिहायचं. माणसांनी मनापासून काम केलं असेल, तर तेही त्या रिव्ह्यूमध्ये येईलच.

मी गेल्या काही वर्षांत तीनदा घर हलवलं. त्यातल्या पुणे-नागपूर शिफ्टिंगच्या आधारे सांगते, कारण त्यात पॅकिंग, नुकसान, वेळ आणि बिल या चारही गोष्टी थोड्या थोड्या बिघडल्या आणि कंपनीची चूक कुठली, माझी कुठली, हे वेगळं करायला मला बराच वेळ लागला.

रिव्ह्यूची सुरुवात कोटेशनपासून

रिव्ह्यू म्हणजे ठरलेलं आणि घडलेलं यांतला फरक. ठरलेलं लेखी नसेल तर फरक काढायचा कशातून? म्हणून गाडी यायच्या आधी तीन गोष्टी हातात हव्यात.

एक, कोटेशन. फोनवर सांगितलेला आकडा म्हणजे कोटेशन नव्हे. पॅकिंग, भरणी-उतरणी आणि गाडीभाडं वेगळं दाखवलेलं, जीएसटी धरून की सोडून हे स्पष्ट असलेलं, दोन्हीकडचा मजला आणि लिफ्ट आहे की नाही हे लिहिलेलं. गाडी स्वतंत्र की शेअरिंगमध्ये, हेही त्यात यायला हवं. दोन, सामानाची यादी. सर्व्हेला आलेला माणूस खोल्या फिरून जी यादी करतो तिचा फोटो तिथल्या तिथे काढून घ्यायचा. तीन, तुमचे स्वतःचे फोटो. मोठ्या वस्तूंच्या चारही बाजू, काचा, कोपरे, टीव्हीचा चालू असलेला पडदा. यात अर्धा तास जातो, पण पुढे मला हे फोटो भलत्याच कारणाने उपयोगी पडले. ते खाली सांगते.

कंपनीचं नावही याच वेळी तपासून ठेवा. या धंद्यात एकमेकांसारखी नावं फार आहेत. नामांकित कंपनीच्या नावाच्या मागेपुढे एखादा शब्द जोडून दुसरीच मंडळी काम घेतात. कोटेशनवर पंधरा अक्षर-अंकांचा जीएसटीआयएन असतो. तो `services.gst.gov.in` वर "Search Taxpayer" मध्ये टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे आणि ती चालू आहे का, ते दिसतं. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. रिव्ह्यू लिहिताना बिलावरचं नाव आणि ज्या पानावर आपण लिहितोय ते नाव जुळलंच पाहिजे. नाहीतर एकाच्या चुकीचा रिव्ह्यू दुसऱ्याच्या माथी बसतो.

पॅकिंग: किती गुंडाळलं यापेक्षा कसं भरलं ते बघा

"पॅकिंग छान होतं" या वाक्यातून काहीच कळत नाही. नवखा माणूस बबल रॅप बघून खूश होतो. पण बबल रॅप ओरखडे वाचवतो आणि छोटे धक्के झेलतो, वजन पेलत नाही. वजन पेलतो तो खोका. म्हणून खोक्याकडे बघा. नवा आहे की वापरून मऊ पडलेला? तळाला मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवरही टेप मारली का? पुस्तकं छोट्या खोक्यात भरली का? मोठ्या खोक्यात गच्च भरलेली पुस्तकं तळ फाडून बाहेर येतात.

काचेची भांडी भरताना पाच मिनिटं तिथे उभं राहा, कौशल्य तिथेच दिसतं. जाणकार माणूस ताटं आणि बशा आडव्या रचत नाही, एकेक कागदात गुंडाळून उभ्या लावतो, कारण आडव्या थप्पीत वरचं सगळं वजन सर्वांत खालच्या बशीवर येतं. मग तो उरलेल्या जागा चुरगळलेल्या कागदाने भरतो आणि खोका हलकेच हलवून बघतो. आत आवाज आला तर पुन्हा उघडतो. आमच्याकडे आलेल्या चौघांत एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी प्रत्येक खोका असा कानाजवळ नेऊन हलवला. स्वयंपाकघरातलं एकही भांडं फुटलं नाही. रिव्ह्यूमध्ये मी हे असंच लिहिलं, कारण वाचणाऱ्याला "काळजी घेतात" यापेक्षा हे चित्र जास्त सांगतं.

खोक्यांवर नंबर, खोली आणि "हे वर" असा बाण होता का, सुट्या केलेल्या पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून त्याच पलंगाला चिकटवले होते का, एवढ्या दोन गोष्टी आणखी नोंदवा.

आता यंत्रं. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचा ड्रम आत स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बरवर लटकलेला असतो. प्रवासात तो डुलू नये म्हणून मागच्या बाजूने लावायचे लांब बोल्ट मशीन नवीन घेताना सोबत येतात. ट्रान्झिट बोल्ट म्हणतात त्यांना. मशीन हलवायच्या आधी ते परत लावावे लागतात. चांगला सुपरवायझर आदल्या दिवशीच फोन करून विचारतो, "बोल्ट ठेवलेत का?" आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि मीही ते कुठल्याशा डब्यात टाकून विसरले होते. मशीनला बाहेरून तीन थर गुंडाळले, एक ओरखडा आला नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा कपडे टाकले आणि स्पिनला मशीन अक्षरशः चालत पुढे आलं. मेकॅनिकने उघडून दाखवलं, दोन शॉकअॅब्सॉर्बर गेले होते.

नुकसान: पावतीवर लिहिलेलं आणि नंतर कळलेलं

नुकसान दोन प्रकारचं असतं आणि रिव्ह्यूमध्ये ते वेगवेगळं लिहायचं.

पहिलं, उतरवतानाच दिसणारं. डायनिंग टेबलाचा एक पाय मुळापाशी चिरला होता. सामान पोचल्याची सही मागतात त्या कागदावर सही करण्यापूर्वी मी लिहिलं, "डायनिंग टेबल, एक पाय चिरलेला. खोके उघडून तपासलेले नाहीत." मग तारीख, वेळ आणि सही. त्या कागदाचा फोटो काढला. ड्रायव्हर कुरकुरला, पण तो लिहू नका म्हणू शकत नाही. "माल सुस्थितीत मिळाला" असं छापलेल्या ओळीखाली नुसती सही केली, तर पुढे तुमच्या रिव्ह्यूला कंपनीचं उत्तर म्हणून तीच सही येते.

दुसरं, खोके उघडल्यावर किंवा यंत्र चालवल्यावर कळणारं. हे सिद्ध करणं अवघड असतं. म्हणून खोका उघडण्याआधी बंद स्थितीत एक फोटो, उघडल्यावर एक, आणि कळल्याच्या दिवशीच कंपनीला ईमेल. फोन चालत नाही, कारण फोनची नोंद राहत नाही. वॉशिंग मशीनबद्दल मी त्याच संध्याकाळी ईमेल केला. रिव्ह्यूमध्ये मात्र सरळ लिहिलं की बोल्ट मीही काढून दिले नव्हते. अर्धी चूक लपवून लिहिलेली तक्रार मला लिहिता आली नसती. शिवाय जाणकार वाचकाच्या मनात बोल्टचा प्रश्न पहिल्या फटक्यात येतोच.

आता त्या फोटोंचं. कपाटाच्या दारावर एक लांब ओरखडा दिसला आणि मी तावातावाने तो यादीत घातला. रात्री निघण्याआधीचे फोटो काढून बघितले, तर ओरखडा तिथेही होता, त्याच जागी. घरात वर्षानुवर्षं असलेल्या वस्तूंवरच्या खुणा आपल्याला दिसेनाशा झालेल्या असतात आणि नव्या घराच्या उजेडात त्या नव्या वाटतात. तो ओरखडा मी यादीतून काढला. फोटो नसते तर निर्दोष माणसांवर आरोप करून बसले असते.

रिव्ह्यूत नुकसान लिहिताना वस्तू, तिचं नेमकं काय झालं, कधी कळलं, कंपनीला कधी कळवलं आणि दुरुस्तीचा खर्च किती, एवढं पुरे. आणि काय शाबूत पोचलं तेही लिहा. साठ नगांतला एक फुटणं आणि दहांतले चार फुटणं यांत फार अंतर आहे.

वेळ: उशीर किती, यापेक्षा कशामुळे

सकाळी नऊला येणारी माणसं साडेबाराला आली, हे लिहाच. पण अकरा वाजता त्यांनी फोन करून सांगितलं होतं का, हेही लिहा. माझ्या मते त्या फोनला साडेतीन तासांच्या उशिराइतकंच महत्त्व आहे.

सामान पोचायच्या वेळेत मात्र खरी मेख असते. पुणे ते नागपूर साधारण सातशे किलोमीटर. स्वतंत्र गाडी असेल तर दुसऱ्या, फार तर तिसऱ्या दिवशी पोचायला हवी. आमच्या कोटेशनवर "स्वतंत्र गाडी" आणि "तीन ते चार दिवस" असं दोन्ही लिहिलेलं होतं. या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. शनिवारी भरलेलं सामान बुधवारपर्यंत यायला हवं होतं, ते शुक्रवारी आलं. फोनवर रोज नवं कारण. एकदा घाटात ट्रॅफिक, एकदा गाडी बिघडली.

काय झालं ते बिल्टीने सांगितलं. सामान भरल्यावर जी बिल्टी मिळते, काही जण तिला एलआर म्हणतात, तिच्यावर गाडीचा नंबर असतो. दारात आलेल्या गाडीचा नंबर वेगळा होता. म्हणजे वाटेत कुठल्यातरी गोदामात आमचं सामान उतरवून, दुसऱ्यांच्या सामानासोबत वेगळ्या गाडीत चढवलं गेलं होतं. टेबलाचा पाय तिथेच चिरला असावा असा माझा अंदाज आहे, पण अंदाज म्हणूनच तो सांगता येतो, त्यामुळे रिव्ह्यूत घातला नाही. गाडीचा नंबर बदलला ही गोष्ट फोटोसकट होती, ती घातली.

शेअरिंगमध्ये सामान नेण्यात गैर काही नाही, स्वस्त पडतं आणि वेळ जास्त लागतो. स्वतंत्र गाडीचे पैसे घेऊन शेअरिंगमध्ये टाकणं ही मात्र वेळेची तक्रार उरत नाही. तो प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे आणि रिव्ह्यूतही त्याच सदरात जायला हवा.

शेवटचं बिल: ओळ ओळ लावून बघा

"बिल वाढवून लावलं" असं लिहिलेले रिव्ह्यू शेकड्याने सापडतात, पण किती, कशाचं आणि त्यातलं रास्त किती, हे क्वचितच कुणी लिहितं. मी काय केलं ते दाखवते.

कोटेशन ३२,००० रुपयांचं होतं: पॅकिंग ७,०००, भरणी-उतरणी ५,०००, गाडीभाडं २०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ५,७६०, एकूण ३७,७६०. प्रत्यक्ष बिल आलं ४३,७७८ रुपयांचं. म्हणजे ६,०१८ जास्त. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा तीन नव्या ओळी सापडल्या.

जादा खोके, २,५०० रुपये. सर्व्हेच्या यादीत २४ खोके होते, भरताना झाले ३१. माळा दाखवायचा मी विसरले होते. सात खोके खरेच वाढले, पैसे वाढणं रास्त. दर आधी सांगितला नाही एवढीच तक्रार.

मजल्याचे जादा पैसे, १,८०० रुपये. नागपूरचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि हे कोटेशनवर स्पष्ट लिहिलेलं होतं. भरणी-उतरणीचे ५,००० त्यासकट ठरले होते. हे रास्त नाही.

ई-वे बिल खर्च, ८०० रुपये. ई-वे बिल म्हणजे माल नेताना जीएसटीखाली ऑनलाइन काढायचा कागद, आणि वापरलेलं घरगुती सामान त्याच्या नियमातून वगळलेलं आहे. जे लागतच नाही त्याचे पैसे. काही जण अजूनही "जकात" किंवा "एंट्री टॅक्स" अशी ओळ टाकतात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा ते दोन्ही त्यात विलीन झाले, त्यामुळे ती ओळ दिसली तर पावती मागा.

हिशेब असा: जादा खोके जीएसटीसह २,९५०, बाकीच्या दोन ओळी जीएसटीसह ३,०६८. रिव्ह्यूमध्ये "सहा हजारांनी फसवलं" लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. "३,०६८ रुपये कोटेशनच्या विरुद्ध लावले" हे खरं आहे आणि ते कुणालाही खोडता येत नाही.

पैसे कधी आणि कसे मागितले, हेही याच भागात येतं. आमच्याकडे ड्रायव्हरने गाडीचं दार उघडण्याआधी पूर्ण रक्कम रोख मागितली. सामान गाडीत अडकलेलं असताना माणूस वाद घालत नाही, यावरच हा प्रकार चालतो. मी बिल मागितलं, त्यावर "मजला आणि ई-वे बिलाच्या रकमेबाबत आक्षेप राखून" असं लिहिलं आणि कंपनीच्या खात्यावर यूपीआयने पैसे भरले. रोख दिले असते तर किती दिले हेच पुढे सांगता आलं नसतं.

ट्रान्झिट इन्शुरन्सबद्दल एक ओळ जरूर लिहा. सामानाच्या किमतीच्या तीन टक्के वगैरे मागतात, पण विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर असलेलं प्रमाणपत्र देत नाहीत. ते नसेल तर तो विमा नव्हे, फक्त मूव्हर्सनी दिलेलं आश्वासन आहे. मी विमा कंपनीचं नाव विचारलं, उत्तर आलं नाही, मी पैसे भरले नाहीत. एवढंच रिव्ह्यूत लिहिलं.

आता लिहा

सगळे खोके उघडले, यंत्रं एकदा चालवून बघितली आणि पक्कं बिल हातात आलं की लिहायला बसा. साधारण आठवडा लागतो. कंपनीला आधी ईमेल करून उत्तरासाठी तीन-चार दिवस द्या. "चोर", "लुटारू" असे शब्द नकोत, त्यांनी माहितीत भर पडत नाही आणि रिव्ह्यू उडवायला कंपनीला निमित्त मिळतं. मजुरांची, ड्रायव्हरची नावं आणि नंबर देऊ नका. बिल किंवा बिल्टीचा फोटो टाकताना स्वतःचा पत्ता आणि फोनही झाका.

माझा रिव्ह्यू असा होता:

"पुणे ते नागपूर, दोन बेडरूमचं सामान, ३१ खोके. पॅकिंग उत्तम: नवे खोके, भांडी उभी लावलेली, प्रत्येक खोका हलवून तपासला, एकही भांडं फुटलं नाही. फ्रंट लोड मशीनच्या ट्रान्झिट बोल्टबद्दल विचारलं नाही (मीही दिले नव्हते), पोचल्यावर शॉकअॅब्सॉर्बर खराब निघाले. डायनिंग टेबलाचा एक पाय चिरला, पावतीवर नोंद आहे. पॅकिंगची माणसं साडेतीन तास उशिरा आली, फोन नाही. स्वतंत्र गाडी ठरली होती, बिल्टीवरची गाडी आणि पोचलेली गाडी वेगळी निघाली, सामान दोन दिवस उशिरा आलं. बिलात ३,०६८ रुपये कोटेशनच्या विरुद्ध लावले: मजला आणि ई-वे बिल. जादा खोक्यांचे २,९५० मला मान्य. विमा कंपनीचं नाव विचारलं, उत्तर आलं नाही, म्हणून विम्याचे पैसे भरले नाहीत. दोन स्टार, तेही पॅकिंग करणाऱ्या माणसांसाठी."

नऊ दिवसांनी कंपनीचा फोन आला. ३,०६८ परत करतो, पण रिव्ह्यू काढा किंवा पाच स्टार करा. मी सांगितलं की पैसे परत मिळाले तर तसं खाली लिहीन, वरचं काढणार नाही. अशी अट मान्य करू नका. पैसे तुमचे आहेत म्हणूनच परत येतायत, आणि रिव्ह्यू काढला तर पुढच्या घराकडून तेच ३,०६८ घेतले जातील. दोन दिवसांनी पैसे आले. मी खाली एक ओळ जोडली: "तारखेसह अपडेट: आक्षेप घेतलेली पूर्ण रक्कम परत मिळाली. टेबल आणि मशीनबद्दल उत्तर नाही." स्टार दोनचे तीन केले.

टेबल आणि मशीनसाठी वेगळा रस्ता धरला. नुकसानीचा दावा करायचा असेल तर रिव्ह्यूवर थांबू नका. २००७ च्या कॅरेज बाय रोड अॅक्टनुसार बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस जावी लागते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. मी नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली, सोबत पावतीवरच्या त्या शेऱ्याचा फोटो आणि मेकॅनिकचं बिल. टेबलाच्या पायाचे पैसे आले, मशीनचे नाहीत. अपडेटखाली तीही ओळ आता आहे.